जप्त दुचाकींचा 'पोलीस लिलाव' : १८,५०० रुपयांत स्प्लेंडर आणि २,१०० रुपये टोकन, हा व्यवहार खरा असू शकतो का?

शिक्षिका_कोरेगाव | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहते. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा नुकताच सातारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आहे. रात्रपाळी सुटल्यावर एसटी मिळत नाही, म्हणून तो जुनी दुचाकी शोधत होता. शनिवारी त्याला फेसबुकवर एक जाहिरात दिसली. तीत पोलिसांनी जप्त केलेल्या वाहनांचा लिलाव असल्याचे म्हटले होते, पोलिसांचे बोधचिन्ह होते आणि ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांचे छायाचित्र होते. २०१९ सालची काळी स्प्लेंडर १८,५०० रुपये, ॲक्टिव्हा १६,००० रुपये, अशा किमती प्रत्येक गाडीखाली दिलेल्या होत्या.

दिलेल्या क्रमांकावर व्हॉट्सॲप केल्यावर एका गृहस्थाने आपण लिलाव विभागातील कर्मचारी असल्याचे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले. गाडी अडीच वर्षांपासून आवारात पडून आहे, मालक आलेला नाही, २,१०० रुपये टोकन भरल्यास ती तुमच्या नावावर राखून ठेवू आणि व्यवहार जमला नाही तर रक्कम परत देऊ, असे त्याने सांगितले. मुलाने रविवारी संध्याकाळी ते पैसे यूपीआयने पाठवले. आज सकाळी ११.२० वाजता नावबदल आणि ना हरकत प्रमाणपत्र यांसाठी म्हणून आणखी ६,४०० रुपये पाठवले. दुपारी गेट पास आणि जीपीएस यांच्या नावाखाली ७,९५० रुपयांची मागणी आली, तेव्हा कुठे त्याने घरी सांगितले.

त्याचे म्हणणे असे, की गाडीचा क्रमांक त्याने परिवहनच्या ॲपवर तपासला असून कंपनी, रंग, साल आणि सातारची नोंदणी हे सारे जुळते, त्यामुळे गाडी खरी आहे. मला शंका येते. परंतु पोलीस अशा गाड्या विकतात हेही मी वर्तमानपत्रात वाचलेले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

विटेकर | सोमवार, रात्री ९.५२

ताई, पोलीस लिलाव असतो हे शंभर टक्के खरे आहे आणि त्यात गाड्या स्वस्त मिळतात हेही खरे आहे. माझ्या मेव्हण्याने लिलावातूनच पिकअप घेतली आणि ती आज पाच वर्षे धावते आहे. ॲपवर गाडीची माहिती जुळली असेल, तर गाडी अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले. फक्त उरलेले पैसे गाडी हातात आल्याशिवाय देऊ नयेत, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ_कराड | सोमवार, रात्री ९.५८

बाकीची चर्चा नंतर करता येईल. मी बँकेत काम करते, म्हणून आधी एवढेच सांगते, की मुलाने याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. फोन लागला नाही तर cybercrime.gov.in या संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवावी. सोबत दोन्ही व्यवहारांचे यूपीआय संदर्भ क्रमांक (ॲपमध्ये व्यवहार उघडल्यावर दिसणारा बारा अंकी क्रमांक), वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता ठेवावा. तक्रार आत गेली, की ती पैसे मिळालेल्या बँकेपर्यंत पोहोचते आणि त्या खात्यात जी रक्कम शिल्लक असेल ती रोखून धरली जाते. शिल्लक असेल ती, हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण असे पैसे तासाभरातच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकवलेले असतात. सकाळचे ६,४०० रुपये अजून कुठे तरी अडकलेले असण्याची थोडी शक्यता आहे. उद्या शाखेत जाऊन विचारू, असे करू नका.

व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नका आणि त्या माणसाला ब्लॉकही करू नका. आधी सर्व संदेशांची छायाचित्रे घ्या.

शिक्षिका_कोरेगाव | सोमवार, रात्री १०.३५

१९३० क्रमांक तिसऱ्या प्रयत्नात लागला. तक्रार नोंदवली असून पोचक्रमांकाचा संदेश आला आहे. आपले आभार. मुलगा मात्र अजून म्हणतो, की आपण उगीच एका सरकारी कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार केली.

मुद्देमाल_निवृत्त | सोमवार, रात्री ११.१०

मी पोलीस खात्यात लिपिक होतो आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षे मुद्देमालाच्या नोंदवह्या सांभाळण्यात गेली. कोणत्या जिल्ह्यात, ते सांगण्याची गरज नाही. मुलाची समजूत पटावी म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम टोकनचा विचार करावा. लिलावातही आगाऊ रक्कम भरावी लागते, तिला आम्ही अनामत म्हणतो, आणि भामट्यांनी नेमका हाच धागा पकडला आहे. अनामत भरल्याने बोली लावण्याचा अधिकार मिळतो. अमुक एक गाडी आपल्यासाठी राखून ठेवली जात नाही. ज्या वस्तूवर दुसरा कोणीही आपल्यापेक्षा जास्त बोली लावू शकतो, ती वस्तू राखून ठेवणार तरी कशी? त्याचप्रमाणे लिलावात किमान बोली जाहीर होते, विक्रीची किंमत आधी कोणालाच ठाऊक नसते. या जाहिरातीत प्रत्येक गाडीखाली ठरलेली किंमत आहे, टोकन भरणाऱ्याला ती त्याच किमतीत मिळणार आहे आणि बोलीचा दिवस, वेळ, जागा यांचा कुठेही उल्लेख नाही. म्हणजे बोधचिन्ह काढून टाकले, तर हे गाड्यांचे दुकान आहे आणि पोलीस खाते असे दुकान चालवत नाही.

दुसरी गोष्ट अनामत कोणाला दिली याची. खरी अनामत लिलावाच्या सूचनेत छापलेल्या रकमेइतकी असते आणि ती कार्यालयाच्या किंवा अधिकाऱ्याच्या पदनामाने काढलेल्या डिमांड ड्राफ्टने, चलनाने किंवा ऑनलाइन लिलाव असेल तर त्या सरकारी लिलाव-संकेतस्थळावरील खात्यातून भरली जाते. तिची पावती मिळते, बोली हरलेल्याला ती परत मिळते आणि जिंकलेल्याच्या किमतीत ती वळती होते. मुलाने पैसे पाठवताना पडद्यावर ज्याचे नाव उमटले, ते एखाद्या पदाचे होते की माणसाचे, एवढे त्याला विचारा. शिवाय रविवारी संध्याकाळी अनामत स्वीकारणारे सरकारी कार्यालय माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

आता गाड्यांविषयी. आवारात पडलेली बेवारस गाडी पोलिसांना मनात आले म्हणून विकता येत नाही. तिचा पंचनामा होतो, चेसिस आणि इंजिन क्रमांकावरून परिवहन कार्यालयाकडून मालकाची माहिती मागवली जाते, ती कुठे चोरीला गेल्याची नोंद आहे का हे पाहिले जाते आणि मालकाला पत्र जाते. मालक सापडलाच नाही, तर हक्क सांगण्यासाठी जाहीर उद्घोषणा काढावी लागते आणि त्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. त्यानंतरही कोणी आले नाही, तरच दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने विक्रीचा मार्ग मोकळा होतो. पुढे परिवहन विभागाच्या निरीक्षकाकडून मूल्यांकन, यादी आणि जाहीर सूचना. गाडी एखाद्या गुन्ह्यातील मुद्देमाल असेल, तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तिला हातही लावता येत नाही. एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या गाडीच्या लिलावाची सूचना जावक क्रमांक, दिनांक, सहीचे पदनाम आणि प्रत्येक गाडीचा चेसिस क्रमांक यांसह निघते. फेसबुकवर किमतीची चिठ्ठी लावून ती विकली जात नाही.

विटेकर | सोमवार, रात्री ११.२८

काका, आपले म्हणणे मान्य आहे. पण ॲपवर जुळलेल्या माहितीचे काय? बनावट गाडी असती, तर क्रमांक निघालाच नसता.

मुद्देमाल_निवृत्त | सोमवार, रात्री ११.४१

क्रमांक खरा आहे, म्हणूनच तो निघाला. भामटा खोटा क्रमांक कशाला देईल? रस्त्यावरील किंवा जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिरातीतील एखाद्या गाडीचा क्रमांक उचलायचा, ॲपवर तिचे साल आणि रंग पाहून घ्यायचे आणि तीच माहिती आपल्या जाहिरातीत लिहायची, एवढे सोपे काम आहे ते. अशी माहिती पडताळली की ती जुळणारच, कारण ती तिथूनच घेतलेली असते. त्या क्रमांकाची गाडी कुठे तरी आहे, एवढेच त्यावरून कळते; ती विकणाऱ्याच्या ताब्यात आहे की नाही, हे कळत नाही.

ताई, त्याच पानावर आणखी दोन ओळी असतात, ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. विमा कधीपर्यंत वैध आहे आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहे, ते पाहून सांगाल का?

शिक्षिका_कोरेगाव | मंगळवार, सकाळी ७.०५

आताच पाहिले. विमा येत्या डिसेंबरपर्यंत आणि पीयूसी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वैध दिसते. यावरून काय समजायचे?

मुद्देमाल_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७.३०

२०१९ सालच्या दुचाकीची पीयूसी जास्तीत जास्त एक वर्षासाठी मिळते. ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वैध असेल, तर ही गाडी मागील बारा महिन्यांत कोणत्या तरी केंद्रावर नेऊन तपासली गेली आहे. अडीच वर्षे कुलूपबंद आवारात पडलेली गाडी पीयूसी काढायला गेली कशी, हे त्या 'कर्मचाऱ्याला' विचारण्यासारखे आहे. या गाडीचा मालक बहुधा रोज तिच्यावरून कामाला जात असेल आणि आपली गाडी 'लिलावात' निघाल्याची त्याला वार्ताही नसेल.

विटेकर | मंगळवार, सकाळी ८.१५

पीयूसी काही ठिकाणी गाडी न नेताही मिळते, हे आपण सर्वजण जाणतो. विमा तर घरबसल्या मोबाइलवरून उतरवता येतो. त्यामुळे हा पुरावा अगदी पक्का आहे असे म्हणता येणार नाही.

मुद्देमाल_निवृत्त | मंगळवार, सकाळी ८.४०

आपली हरकत रास्त आहे. पीयूसी ताजी असल्यामुळे जाहिरात खोटी ठरते, असे मी न्यायालयात शपथेवर सांगणार नाही. परंतु ज्या गाडीवर कोणी हक्क सांगितला नाही म्हणून ती बेवारस ठरली, तिचा विमा आणि पीयूसी दरवर्षी पदरचे पैसे घालून कोण काढत बसले असेल? दोन्हींपैकी एक गोष्ट सोडावी लागेल. उलट बाजूही सांगून ठेवतो : विमा आणि पीयूसी दोन्ही संपलेली असली, म्हणजे गाडी जप्त आहे असे मात्र सिद्ध होत नाही. आपल्या तालुक्यातील निम्म्या गाड्यांची तीच अवस्था असेल.

जतचा_बापू | मंगळवार, सकाळी १०.०२

माझीही गाडी पोलिसांनी जप्त केलेली आहे आणि मला तिच्या लिलावाबद्दल विचारायचे आहे. गेल्या वर्षी माझी शाईन गाडी चोरीला गेली होती. चोर सापडला, गाडीही सापडली, आणि आठ महिने झाले ती ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी आहे. मी दोनदा गेलो, तेव्हा केस चालू आहे असे सांगण्यात आले. आता हा धागा वाचून मला भीती वाटते, की माझी गाडी लिलावात १८,००० रुपयांना विकून टाकतील. मी टोकन भरून माझीच गाडी राखून ठेवू शकतो का?

मुद्देमाल_निवृत्त | मंगळवार, सकाळी १०.३०

बापू, टोकन वगैरे कोणालाही देऊ नका. आपली गाडी परत मिळवण्यासाठी ती विकत घेण्याची आवश्यकता नाही. ज्या न्यायालयात तो गुन्हा चालू आहे, तिथे वकिलामार्फत गाडी सुपुर्दनाम्यावर मिळावी असा अर्ज करा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि आपले ओळखपत्र जोडा. न्यायालय पोलिसांचे म्हणणे मागवते, गाडीचे छायाचित्र आणि पंचनामा करून घेते, आपल्याकडून हमीपत्र घेते आणि खटला संपेपर्यंत गाडी विकणार नाही, तिच्यात बदल करणार नाही व बोलावल्यावर हजर करू, अशा अटींवर ती ताब्यात देते. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे कुजवत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई या प्रकरणात सांगितलेले आहे. वकिलांना तो निकाल ठाऊक असतो.

आपला प्रश्न वेगळा असला, तरी तो इथे कामाचा आहे. ज्या गाडीला मालक आहे, कागद आहेत आणि जी चालू स्थितीत आहे, ती अशी सुपुर्दनाम्यावर किंवा विमा कंपनीमार्फत आवारातून बाहेर पडते. मागे उरतात त्या जळालेल्या, अपघातात मोडलेल्या, चेसिस क्रमांक खोडलेल्या, किंवा ज्यांच्यावरील कर आणि कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाल्यामुळे मालकाने जाणूनबुजून सोडून दिलेल्या गाड्या. लिलाव त्यांचा होतो. चकचकीत, २०१९ सालची, चालू स्प्लेंडर त्या गर्दीत अडीच वर्षे मालकाची वाट पाहत उभी राहिली, ही कथाच मुळात अवघड आहे.

मिरज_ऑटो | मंगळवार, दुपारी १.२०

काकांनी कागदाची बाजू सांगितली, मी आवाराची सांगतो. माझा मिरजेत जुन्या दुचाकींचा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी शेजारच्या एका जिल्ह्यातील खऱ्या लिलावाला मी गेलो होतो, त्या वेळी माझ्याही मनात अशीच स्वस्त गाडीची हाव होती.

सूचना वर्तमानपत्रात आली होती. लिलावाच्या आधी तीन दिवस सकाळी अकरा ते चार या वेळात गाड्या पाहण्याची मुभा होती. साधारण नव्वद दुचाकी होत्या. त्यांपैकी कित्येकांच्या चाकांतून गवत उगवले होते, एकीतही बॅटरी नव्हती, बहुतेकांचे कार्ब्युरेटर गायब होते आणि आसनांचे फोम उंदरांनी नेले होते. सुट्या गाडीला बोली नव्हतीच. नव्वदच्या नव्वद गाड्यांचा एकच लॉट होता आणि बोली लावणाऱ्याकडे भंगार खरेदीचा परवाना व जीएसटी क्रमांक असावा, अशी अट होती. गाड्या आहेत त्या जागी, आहेत त्या स्थितीत, स्वखर्चाने उचलायच्या. बाहेर नेण्याआधी चेसिसवरील क्रमांकाचा तुकडा कापून कार्यालयात जमा होत असे, म्हणजे ती गाडी पुन्हा रस्त्यावर येण्याचा प्रश्नच उरत नाही. भंगारवाल्यांनी मनात किलोचा हिशेब करून बोली लावल्या. एका गाडीमागे जी रक्कम पडली, ती ऐकून फेसबुकवरील जाहिराती खऱ्या वाटाव्यात अशीच होती. फक्त ती लोखंडाची किंमत होती, गाडीची नव्हे.

छायाचित्राकडेही पाहावे. खऱ्या आवारातील गाडीचे टायर बसलेले असतात आणि टाकीवर धुळीचा थर असतो. ताई, आपल्याकडील जाहिरातीच्या छायाचित्रात मागील गाड्यांच्या पाट्या मोठ्या करून पाहता येतील का?

शिक्षिका_कोरेगाव | मंगळवार, दुपारी ४.४५

पाहिल्या. काळी स्प्लेंडर वेगळ्या छायाचित्रात आहे आणि ती एका घराच्या फरशीवर उभी आहे, मागे तुळशीचे वृंदावन दिसते. ओळीतील गाड्यांच्या छायाचित्रात ज्या तीन पाट्या वाचता येतात, त्यांतील दोन जीजे आणि एक आरजे अक्षरांनी सुरू होते. साताऱ्यातील आवारात गुजरात आणि राजस्थानच्याच गाड्या कशा, हा प्रश्न आता मुलालाही पडला आहे. पैसे ज्याच्या नावावर गेले, तेही एका बाईंचे नाव आहे. ते आपल्या लेखापाल मॅडमचे खाते असल्याचे त्या माणसाने सांगितले होते.

मिरज_ऑटो | मंगळवार, सायंकाळी ५.१०

तुळशीवृंदावनासमोरची जप्त गाडी मी प्रथमच ऐकतो आहे. फेसबुकवर त्या पानाच्या माहितीत पारदर्शकतेचा एक विभाग असतो. त्यात पान कधी तयार झाले आणि त्याचे नाव किती वेळा बदलले, ते दिसते. तेही पाहून ठेवा.

विटेकर | मंगळवार, सायंकाळी ६.००

मी मेव्हण्याला फोन केला. त्याची पिकअप पोलीस लिलावातील नव्हती, कर्ज थकल्यामुळे वित्त कंपनीने ओढून आणलेली होती. माझी गफलत झाली, हे मान्य करतो. परंतु तिथेही त्याने आधी रक्कम भरली होती.

मिरज_ऑटो | मंगळवार, सायंकाळी ६.२५

भरावी लागतेच, आणि आम्ही व्यावसायिक तशा गाड्या नेहमी घेतो. तिथे विकणारा वित्त कंपनी असतो, गाडी यार्डात जाऊन पाहता येते, इंजिन सुरू करून घेता येते, आणि कंपनी कर्जाचा बोजा उतरवून नोंदणीचे कागद देते. भावही बाजारापेक्षा थोडाच कमी असतो, कारण आमच्यासारखे दहा जण तिथे बोली लावायला उभे असतात. साठ हजारांची गाडी अठरा हजारांना सुटायला लागली, तर ती आम्हीच पंचवीसला उचलू. ती फेसबुकपर्यंत पोहोचणारच नाही.

काकांना माझा एक प्रश्न आहे. पोलीस लिलावातील सुटी, चालू गाडी सामान्य माणसाच्या नावावर प्रत्यक्षात होते का? माझ्या ओळखीच्या दोघांनी एका खात्याच्या लिलावात सुट्या गाड्या घेतल्या होत्या. त्यांतील एकाची गाडी जुना कर आणि कर्जाचा बोजा यांत अडकून अखेर दारातच सडली.

मुद्देमाल_निवृत्त | मंगळवार, रात्री ८.०५

होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५७ त्याचसाठी आहे. सरकारी लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नमुना ३२ मध्ये नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. त्यासोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्रीचे प्रमाणपत्र आणि ज्या सरकारी आदेशाने लिलाव झाला त्याची प्रमाणित प्रत जोडायची असते. गाडीला क्रमांकच नसेल किंवा असलेला क्रमांक खोटा निघाला, तर आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावाने नवा क्रमांक देऊन मग तो खरेदीदाराच्या नावावर चढवण्याचीही सोय त्यात आहे.

यातूनही पारख करता येते. खरा विक्रेता आपल्याला विक्रीचे प्रमाणपत्र आणि आदेशाची प्रत देतो आणि नावबदलाचा अर्ज आपण स्वतः परिवहन कार्यालयात करतो. नावबदलाचे शुल्क लिलाव करणाऱ्याकडे भरायचे नसते. मुलाकडून घेतलेले ६,४०० रुपये ज्या नावाखाली मागितले, ते कामच त्या माणसाच्या अखत्यारीत येत नाही. गेट पासचे पैसे, गाडीला लावण्याच्या जीपीएसचे पैसे आणि ती घरपोच करण्याचे पैसे, यांपैकी कशाचीही पावती माझ्या नोकरीत मी फाडलेली नाही.

मिरज_ऑटो | मंगळवार, रात्री ८.३०

नियम आहे, हे मान्य. पण जुन्या मालकाचा थकलेला कर, ई-चलनांचा दंड आणि बँकेचा बोजा कोणी भरायचा, यावर माझ्या ओळखीच्या त्या गृहस्थाला दोन कार्यालयांत दोन उत्तरे मिळाली.

मुद्देमाल_निवृत्त | मंगळवार, रात्री ८.५०

ते लिलावाच्या अटींमध्ये काय लिहिले आहे त्यावर अवलंबून राहते, असे माझे मत आहे. मात्र या बाबतीत आपला अनुभव माझ्यापेक्षा ताजा आहे. माझे काम गाडी फाटकाबाहेर पडली, की संपत असे.

शिक्षिका_कोरेगाव | शुक्रवार, सायंकाळी ७.१५

चार दिवसांची हकीकत कळवते. बुधवारी मुलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि ऑनलाइन तक्रारीची प्रत, संभाषणाची छायाचित्रे व बँकेचा खातेउतारा दिला. तेथील हवालदारांनी ओळखपत्राचे छायाचित्र पाहिले आणि त्या पदनामाचे पदच आपल्याकडे नसल्याचे सांगितले. फेसबुकचे ते पान पाच आठवड्यांपूर्वी स्वयंपाकाच्या पाककृतींच्या नावाने सुरू झाले होते आणि नंतर त्याचे नाव बदलले गेले, हेही दिसले.

बँकेकडून असे कळले, की ८,५०० रुपयांपैकी ३,९५० रुपये दुसऱ्या टप्प्यातील एका खात्यात रोखले गेले आहेत आणि बाकीचे एटीएममधून काढले गेले. रोखलेली रक्कम मिळण्यासाठी पुढील प्रक्रिया करावी लागेल, असे सांगतात.

आज दुपारी एक नवीनच प्रकार घडला. मुलाला फोन आला, की मी सायबर शाखेतून बोलतो, तुमचे ३,९५० रुपये मोकळे करायचे आहेत, प्रक्रियाशुल्क म्हणून ४५० रुपये भरा. रक्कम त्याने अचूक सांगितली, त्यामुळे आम्ही गोंधळलो. ती त्याला कशी कळली असेल?

कृष्णाकाठ_कराड | शुक्रवार, रात्री ८.००

पैसे देऊ नका. रोखलेली रक्कम ठरलेल्या प्रक्रियेने मुलाच्या खात्यात जमा होते आणि त्यासाठी फोनवर शुल्क घेतले जात नाही. आकडा कसा कळला असेल, याचा एक अंदाज सांगते. ज्याचे खाते रोखले गेले, त्याला आपल्या खात्यातील किती रुपये अडकले हे स्वतःच्या मोबाइलवर दिसते आणि मुलाचा क्रमांक त्या टोळीकडे आहेच. दोन्ही जोडायला सायबर शाखेत बसावे लागत नाही. हा फोन ज्या क्रमांकावरून आला, तोही तक्रारीला जोडून घ्या.

विटेकर | शनिवार, सकाळी ९.२०

मंडळी, आज मला इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. नाव आता सांगलीच्या लिलावाचे आहे आणि टोकन १,९९९ रुपये आहे. गाडी तीच काळी स्प्लेंडर, मागे तेच तुळशीवृंदावन; फक्त पाटीवरील ११ चे १० केलेले आहेत, आणि तो १० बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड दिसतो. मी लगेच तो नवा क्रमांक ॲपवर टाकला, तर एक पांढरी स्कूटर निघाली.

मुद्देमाल_निवृत्त | शनिवार, सकाळी ९.४५

जाहिरातीचे छायाचित्र तारीख, वेळ आणि पानाच्या दुव्यासह जपून ठेवा आणि ताईंना पाठवा. त्यांच्या तक्रारीत ते जोडले, तर दोन जिल्ह्यांतील एकाच हाताचे काम असल्याचे तपासणाऱ्याला दिसेल. आपणही संकेतस्थळावर स्वतंत्र नोंद करावी. पैसे गेले नसले, तरी संशयित जाहिरातीची तक्रार करता येते.

जतचा_बापू | शनिवार, सकाळी ११.३०

काका, वकिलांनी अर्ज दाखल केला असून मंगळवारची तारीख मिळाली आहे. गाडी ठाण्यात असताना तिचा विमा संपला, आता तो आधी उतरवावा लागेल की गाडी ताब्यात आल्यावर उतरवला तरी चालेल?